भोक का पाडलं नाही

मिरज

प्रिय संजय,
सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज वाचला. फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. तू विचारलेल्या दोन्ही गोष्टी पाच मिनिटांत सांगण्यासारख्या नाहीत, आणि अर्धवट सांगितल्या तर तुझ्या डोक्यात किडा वळवळत राहणार. पहिली गोष्ट, श्वासासाठी मावशींच्या गळ्याला आम्ही भोक का पाडलं नाही. त्यांचा थोरला तुझ्या दवाखान्यात येऊन तेच विचारून गेला, आणि गावात ‘मिरजेच्या डॉक्टरांनी हात वर केले’ असं बोलतात म्हणे. दुसरी तू अगदी शेवटी, जाता जाता लिहिलीस: त्या पहाटे तू दिलेल्या इंजेक्शनानं त्या गेल्या का. दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. नाही. का नाही, ते समजायला पहिल्यातून जावं लागेल.

तू त्यांना पाठवलंस तेव्हा चिठ्ठीवर ‘जुना गॉयटर, पाच आठवड्यांत झपाट्यानं वाढ, आवाज बसला’ एवढंच होतं, आणि तेवढं पुरेसं होतं. वीस वर्षं लिंबाएवढा राहिलेला गळगंड अडुसष्टाव्या वर्षी अचानक वाढू लागतो तेव्हा मोजक्याच शक्यता असतात. मी मावशींना विचारलं, नक्की किती वाढला? त्या म्हणाल्या, “पोत दोनदा वाढवून घेतली बघा विट्याच्या सोनाराकडनं. पयल्यांदा गौरीच्या टायमाला, आन परत दसऱ्याला.” इतकं नेमकं माप मला कुठल्याही जुन्या सोनोग्राफीनं दिलं नसतं. काळ्या मण्यांचा पट्टा उजव्या बाजूला कातडीत रुतला होता, त्याच्या वर शिरा फुगलेल्या.

गाठ हाताला दगडासारखी लागत होती. गिळताना थायरॉइडची गाठ वर सरकते, हे आपण सेकंड एमबीबीएसला पाठ केलंय. ही जागची हलत नव्हती. खालची कड बोटाला सापडत नव्हती, म्हणजे ती छातीच्या हाडामागे गेलेली. नाकातून दुर्बीण घालून पाहिलं तर उजवी स्वरतंतू मेलेली, डावी हलत होती. भाकरी बंद होऊन आंबील आणि ताक-भातावर आल्या होत्या. उताणं झोपलं की श्वास घेताना शिट्टी वाजायची, म्हणून दोन उशा लावून बसल्या बसल्याच झोपत होत्या.

अशा वेळी नव्वद टक्के लोक लगेच ‘अ‍ॅनाप्लास्टिक कॅन्सर’ म्हणून मोकळे होतात. मला तिथे एक अडसर घालावासा वाटतो, कारण असाच वेगानं वाढणारा, असाच म्हातारपणी येणारा आणि असाच श्वास दाबणारा दुसरा आजार म्हणजे थायरॉइडचा लिम्फोमा. तो स्टेरॉइड आणि केमोनं लोण्यासारखा विरघळतो. त्या पेशंटला जगवण्यासाठी वाटेल ते करावं, भोकसुद्धा पाडावं. दोन्ही आजार बाहेरून सारखेच दिसतात, म्हणून तुकडा काढल्याशिवाय कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा नाही. मावशींची सुईची तपासणी आधी एके ठिकाणी झाली होती आणि रिपोर्टात ‘मृत पेशी आणि दाह’ एवढंच लिहिलं होतं. यात त्या पॅथॉलॉजिस्टचा दोष नाही. ही गाठ आतून सडत असते, आणि बारीक सुई नेमकी सडक्या भागात जाते. आम्ही सोनोग्राफीखाली जाड सुईनं कडेच्या जिवंत भागातून तुकडे घेतले.

इथे एक बारकावा आहे, तुझ्या उपयोगाचा. श्वास अडकत असेल तर स्टेरॉइड द्यायची घाई होते आणि ती रास्तच आहे. पण लिम्फोमा असेल तर दोन दिवसांच्या डेक्सामेथासोननंतर तुकड्यात ओळखण्याजोगं काही उरेलच असं नाही. म्हणून पेशंट तासभर थांबू शकत असेल तर आधी तुकडा, मग लगेच इंजेक्शन. थांबू शकत नसेल तर इंजेक्शन आधी, आणि पॅथॉलॉजिस्टला तसं लिहून कळवायचं. मावशींना आम्ही एकाच दुपारी दोन्ही केलं.

सीटीसाठी त्यांना उताणं झोपवणं हाच मोठा प्रश्न होता. भूलतज्ज्ञ मॅडम स्वतः शेजारी उभ्या राहिल्या, डोक्याखाली जेवढा उंचवटा मशीनमध्ये मावेल तेवढा दिला, आणि झोपेचं औषध अजिबात नाही. गाठ आठ सेंटिमीटर होती. श्वासनळी डावीकडे ढकललेली आणि चपटी झालेली, सर्वांत अरुंद जागी सहा मिलिमीटर. आणि ती अरुंद जागा गळ्याच्या मध्यापासून पार छातीच्या हाडामागपर्यंत लांबलेली. गळ्याची मोठी रक्तवाहिनी तीन बाजूंनी गाठीत गुंडाळलेली, फुप्फुसांत दोन्हीकडे बारीक ठिपके. चौथ्या दिवशी रिपोर्ट आला. चित्रविचित्र आकाराच्या पेशी, ठिकठिकाणी विभाजन, पॅक्स-८ पॉझिटिव्ह, लिम्फोमाच्या सगळ्या खुणा निगेटिव्ह. अ‍ॅनाप्लास्टिक.

मग एकच आशा उरते, ती बीरॅफ नावाच्या जनुकातल्या ठरावीक बदलाची. तो बदल असेल तर डाब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब या गोळ्यांची जोडी आहे. अमेरिकेत २०१८ साली तिला या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली, आणि काही पेशंटमध्ये गाठ दिवसागणिक बसत जाते. ती तपासणी त्याच तुकड्यावर रंग टाकून लवकर होते. मावशींची निगेटिव्ह आली. पॉझिटिव्ह आली असती तर आज तुला वेगळं पत्र लिहिलं असतं, कारण गोळ्या लागू होईपर्यंत श्वास टिकवायला भोकाला अर्थ असता.

बाकी उपायांचं थोडक्यात सांगतो. रेडिओआयोडीन या पेशी घेतच नाहीत. ऑपरेशन तेव्हाच, जेव्हा गाठ सबंध निघते. रक्तवाहिनीला विळखा आणि फुप्फुसात ठिपके असताना तो प्रश्न येत नाही. हा कॅन्सर थायरॉइडच्या शंभर कॅन्सरपैकी एखाद-दुसरा, पण त्याला पहिली-दुसरी स्टेजच नसते. सापडतो तेव्हाच चौथी, आणि निम्मे पेशंट साधारण पाच-सहा महिन्यांच्या आत जातात. फुप्फुसात गेलेला असेल तर त्याहून लवकर.

आता भोकाकडे येतो.

तुझ्या डोळ्यांसमोर जी ट्रेकिऑस्टॉमी आहे ती आपण इंटर्नशिपमध्ये पाहिलेली, विष प्यायलेल्या पेशंटची. मान मागे टाकायची, मधोमध चिरायचं, दोन बोटं खोल गेलं की पांढऱ्या कड्या दिसतात. मावशींच्या बाबतीत मान मागे टाकणं म्हणजेच श्वास बंद करणं. कातडी आणि श्वासनळी यांच्यामध्ये चार सेंटिमीटर जाडीचा कॅन्सर होता, म्हणजे चिरायचं ते कॅन्सरातून. तो ठिसूळ असतो आणि चिमट्यात धरून बांधता येत नाही अशा शेकडो जागांतून वाहतो. नळी मधोमध नव्हतीच. पोचलो असतो तरी बाजारात मिळणारी नेहमीची ट्यूब अरुंद भागाच्या वरच संपली असती. लांब, मागेपुढे सरकवता येणारी ट्यूब मागवावी लागली असती, आणि तिचं टोक छातीत नळी दुभागते तिथपर्यंत नेऊन ठेवावं लागलं असतं.

समज, हे सगळं नीट झालं. त्यानंतर? आवाज गेला. वर वाट दबलेली असल्यामुळे बोलण्याची झडपही लावता आली नसती. सुनेनं वाडीत दर दोन-तीन तासांनी सक्शन करायचं, दिवसातून काही वेळा लाइट जाते तिथे. काही आठवड्यांत भोकाच्या कडेनंच कॅन्सर बाहेर फुटतो, वास येतो, रक्त येतं. जखम भरेपर्यंत रेडिएशन लांबतं, आणि तेवढ्यात गाठ थांबत नाही. आणि इतकं सोसून मृत्यूची तारीख फारशी हलत नाही. फक्त गुदमरण्याच्या जागी रक्तस्राव किंवा न्यूमोनिया येतो.

म्हणूनच या आजारात ‘पुढे लागेल म्हणून आत्ताच करून ठेवू’ असं भोक पाडायचं नाही, असं जाणकार सांगतात. याचा अर्थ कधीच नाही असा मात्र नाही. दोन्ही स्वरतंतू मेल्यामुळे वरच दार बंद झालं असेल आणि खाली नळी मोकळी असेल, तर भोक खरोखर श्वास देतं. लिम्फोमात, बीरॅफमध्ये, किंवा पेशंटला सगळं समजावूनही ‘मला चालेल, करा’ असं तो म्हणत असेल तर करायचंच, पण दिवसा, ठरवून, शुद्धीवर ठेवून, बसत्या स्थितीत जागा बधिर करून. ठरवलं नाही तर काय होतं ते मी पाहिलंय. असाच एक गृहस्थ, घरात कधी कुणी काही विचारलं नव्हतं, मध्यरात्री श्वास अडला म्हणून एका हॉस्पिटलात नेला. घाबरा झालेला म्हणून झोपेचं इंजेक्शन, मग स्नायू सैल करणारं औषध. स्नायूंच्या जोरावर जी फट उघडी होती ती त्या क्षणी मिटली. ट्यूब जाईना, अंधारात कॅन्सरवरच सुरी. टेबलावर गेला. तिथल्या लोकांनी जिवाचं रान केलं असणार, पण हा प्रश्न रात्री दोन वाजता उत्तर देण्याचा नव्हताच.

मावशींशी तो प्रश्न आम्ही दिवसा बोललो. थोरला आधी मला व्हरांड्यात गाठून म्हणाला, “आईला काय सांगू नका.” मी म्हटलं, मी आपणहून काही सांगणार नाही, पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. आत गेलो आणि विचारलं, “मावशी, आजाराबद्दल तुम्हाला किती ऐकायचंय? का मुलांशी बोलू?” त्या म्हणाल्या, “गाठ वाढाय लागलीया ते मला कळतंय की. माझाच गळा हाय. ह्यातनं उठत न्हाई, एवढं सांगा, मंजे मी वाटणीचं बोलून घीन.” थोरला खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मी भोकाचं सगळं सांगितलं, चांगलं आणि वाईट. त्यांनी एकच विचारलं, “बोलाय यील का?” मी नाही म्हणालो. “मग काय करायचंय त्याला. वाटणीचं बोलायचं ऱ्हायलंय म्हंतीय मी, आन तुम्ही वाचाच बंद करताय.”

हे सगळं फाइलच्या पहिल्या पानावर मराठीत लिहिलं, अंगठा नाही, सही घेतली. मावशी चौथी शिकलेल्या होत्या आणि त्यांना त्याचा अभिमान होता. गावात कायद्याचं कुणी बोललं तर सांग, शुद्धीवरच्या माणसाला उपचार नाकारायचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या निकालात तो मान्य केला आहे.

हात वर केले म्हणणाऱ्यांना हेही सांग की पाच दिवस रेडिएशन झालं, वीस ग्रे, फुले योजनेतून. त्यासाठी मुखवट्याखाली दहा मिनिटं झोपावं लागतं, तेवढं त्यांना डेक्सामेथासोन सुरू झाल्यावर तीन दिवसांनी जमू लागलं. रेडिएशननं आधी सूज येते आणि सहा मिलिमीटरला सूज परवडत नाही, म्हणून स्टेरॉइड चालूच ठेवलं. साधारण महिनाभर गाठ थांबली, थोडी मऊ झाली. त्या महिन्यात त्यांनी मऊ भात खाल्ला आणि वाटणी झाली. वरचं रान धाकट्याला गेलं म्हणून थोरला अजून नाराज आहे. मला वाटतं, त्याच्या ‘भोक का पाडलं नाही’ मध्ये त्याचाही थोडा वाटा असावा, पण हे तुझ्यामाझ्यात राहू दे.

आता त्या पहाटेचं. तू लिहिलंस, की तू पोचलास तेव्हा त्या खाटेच्या कडेला बसल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, तोंड पंख्याला लावून, घामानं लुगडं भिजलेलं, श्वास मिनिटाला बत्तीस, प्रत्येक श्वासाला गळ्याचा खळगा आत ओढला जाणारा. कागदावर लिहून दिलेल्या क्रमानंच तू गेलास. अ‍ॅड्रेनॅलिनच्या पाच अँप्युल नेब्युलायझरमध्ये, डेक्सामेथासोन आठ मिलिग्रॅम. वीस मिनिटं उतार पडला आणि परत तेच. त्याच वेळी लक्षात यायला हवं की आता सूज हा प्रश्न नाही, गाठच आहे. सहा मिलिमीटरच्या नळीला आतून सगळीकडून एक मिलिमीटर सूज आली तर वाट चारची उरते आणि हवेचा अडथळा पाचपट होतो. एवढ्याशा सुजेवर स्टेरॉइड आणि अ‍ॅड्रेनॅलिन काम करतात. त्यांनी काम होईनासं झालं, म्हणजे वाट कॅन्सरनंच बुजवली.

तेव्हा तू कातडीखाली मॉर्फिन पाच मिलिग्रॅम आणि मिडाझोलॅम पाच मिलिग्रॅम दिलंस. मावशी आधीपासून दर चार तासांनी दहा मिलिग्रॅम मॉर्फिन तोंडानं घेतच होत्या. कातडीखाली त्याचा निम्मा डोस धरायचा, तो पाच. म्हणजे तू त्यांच्या अंगवळणी पडलेलाच डोस दिलास, वेगळ्या वाटेनं. मॉर्फिननं श्वास थांबतो तेव्हा तो एका ठरावीक पद्धतीनं थांबतो. माणूस आधी गुंगतो, उठवून उठत नाही, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, मग श्वास आठ, सहा, चार असा उतरतो. तूच लिहिलंयस, इंजेक्शननंतर अर्ध्या तासानं श्वास बावीस होता आणि त्यांनी सुनेला “दार उघड, गरम हुतंय” म्हटलं. बावीसनं श्वास घेऊन दार उघडायला सांगणारं माणूस मॉर्फिननं मरत नसतं. पुढे तीन तासांनी त्या गेल्या, तोवर श्वासाची शिट्टी बारीक होत गेली, कारण आत जाणारी हवाच कमी होत गेली.

उलट त्या औषधानं श्वास थोडा सुकरच झाला असेल. अरुंद नळीतून जोरात हवा ओढली की ती भोवऱ्यात अडकते आणि जोर लावूनही कमी जाते. भीतीनं माणूस नेमकं तेच करतो. भीती उतरली, श्वास संथ झाला, की तेवढ्याच फटीतून तेवढीच हवा कमी कष्टात जाते. मघाशी सांगितलेल्या गृहस्थाला झोपेच्या औषधानं मारलं आणि मावशींना मारलं नाही, हे तुला उलटसुलट वाटेल. त्या गृहस्थाला मोठा डोस शिरेतून दिला होता, उताणं झोपवून, वर स्नायू सैल करणारं औषध. मावशींना लहान डोस कातडीखाली, बसल्या जागी, आणि स्नायूंना हात लावला नाही. शिवाय तिथे वाचवायची आशा धरली होती, इथे ती धरायची नाही हे मावशींनीच ठरवलं होतं. एखादवेळी अशा डोसानं मिनिटं कमी होतातही, ते मी नाकारत नाही. पण दुसरा पर्याय शुद्धीत गुदमरण्याचा होता.

थोरल्याला काय सांगायचं ते तू ठरव. माझ्याकडे पाठवलास तर मी सीटीचा फोटो काढून दाखवतो. ती चपटी नळी डोळ्यांनी पाहिली की बराच राग आपोआप उतरतो, असा अनुभव आहे.

दोन कामं राहिलीत. मॉर्फिनच्या उरलेल्या गोळ्या घरात ठेवू नकोस, मोजून माझ्याकडे परत पाठव. ज्या केंद्रातून दिल्या त्यांना रजिस्टर जुळवायचं असतं, आणि वाडीत कुणाच्या तरी गुडघेदुखीला ‘मावशीच्या गोळ्या’ दिल्या जायला वेळ लागत नाही. दुसरं, सून विचारत होती की हे घराण्यात उतरतं का. या कॅन्सरचं तसं नाही, पेशींतला बदल आयुष्यात कधीतरी घडलेला असतो, पोरांना दिलेला नसतो. पण मावशींच्या धाकट्या बहिणीला, त्या पलूसच्या, तसाच जुना गळगंड आहे म्हणे. अशा गळगंडात कधी कधी साधा, बरा होणारा कॅन्सर वर्षानुवर्षं गप्प बसलेला असतो आणि त्यातूनच पुढे हा प्रकार उठू शकतो. त्यांची एकदा सोनोग्राफी करून घे, संशयास्पद गाठ दिसली तरच सुई. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी मी ओपीडीला असतो, रिकाम्या पोटी आणायची गरज नाही.

वहिनींना नमस्कार, पिंट्याला आशीर्वाद.

तुझा,
नंदू